गूगल अ‍ॅड्सचे प्रमाणपत्र काय सिद्ध करते?

गूगलवर जाहिराती चालवणाऱ्यांसाठी खुद्द गूगलच परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. ‘स्किलशॉप’ या गूगलच्या संकेतस्थळावर खाते उघडले की ती कोणालाही देता येते. शिक्षणाची अट नाही आणि फीही नाही. शोधाच्या पानावर दिसणाऱ्या जाहिरातींसाठी ‘सर्च’, इतर संकेतस्थळांवरच्या चित्र-जाहिरातींसाठी ‘डिस्प्ले’, यूट्यूबसाठी ‘व्हिडिओ’, ऑनलाइन दुकानांसाठी ‘शॉपिंग’, शिवाय ‘अ‍ॅप्स’ आणि ‘मेजरमेंट’ अशा वेगवेगळ्या परीक्षा आहेत. प्रत्येकीचे प्रमाणपत्र वेगळे मिळते. सर्वाधिक दिली जाते ती सर्चची परीक्षा. डिजिटल मार्केटिंगच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या बायोडेटावर बहुतेक वेळा हेच प्रमाणपत्र सर्वांत वर असते.

परीक्षेत सुमारे 50 बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यासाठी 75 मिनिटे मिळतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 80 टक्के गुण लागतात. नापास झालेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता येते. प्रमाणपत्र एक वर्ष टिकते, त्यानंतर परीक्षा नव्याने द्यावी लागते. ही परीक्षा घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर दिली जाते. समोर पर्यवेक्षक नसतो, कॅमेरा लावावा लागत नाही, शेजारच्या टॅबमध्ये दुसरे काय उघडले आहे हेही कोणी पाहत नाही. प्रश्नांची संख्या मर्यादित असल्यामुळे त्यांची उत्तरे देणारी संकेतस्थळे निघाली आहेत. प्रश्न तिथे चिकटवायचा, उत्तर उचलायचे, पुढे जायचे. अशा रीतीने तासाभरात पास झालेला आणि महिनाभर अभ्यास करून पास झालेला यांच्या प्रमाणपत्रांत अक्षराचाही फरक नसतो.

हे नेहमी असे नव्हते. गूगलने 2004 मध्ये ‘गूगल अ‍ॅडव्हर्टायझिंग प्रोफेशनल’ नावाची योजना आणली, तेव्हा केवळ परीक्षा पास होऊन भागत नसे. उमेदवाराच्या हाताखालच्या खात्यांतून 90 दिवसांत किमान 1,000 डॉलर खर्च झालेला असावा लागे आणि परीक्षेची फी 50 डॉलर होती. म्हणजे त्या प्रमाणपत्रामागे कोणाचे तरी खरे पैसे तीन महिने सांभाळल्याचा थोडासा का होईना, पुरावा होता. 2010 मध्ये योजनेची फेररचना झाली. 2013 मध्ये ‘गूगल पार्टनर्स’ आले आणि परीक्षा फुकट झाली. 2018 मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’चे नाव ‘गूगल अ‍ॅड्स’ झाले. आज खर्चाची अट आहे, पण ती एजन्सीला लागू होते. व्यक्तीच्या वाट्याला फक्त परीक्षा उरली आहे. प्रमाणपत्राचे नोकरीच्या बाजारातले वजन का घटले, याचे अर्धे उत्तर या बदलात आहे.

तरीही प्रमाणपत्र काहीच सिद्ध करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रामाणिकपणे परीक्षा दिलेल्या माणसाला या धंद्याची भाषा येते. कीवर्ड आणि सर्च टर्म यांतला फरक त्याला कळतो. जाहिरातदाराने निवडलेला शब्द हा कीवर्ड, लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेला मजकूर ही सर्च टर्म. ब्रॉड, फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅच म्हणजे काय, क्वालिटी स्कोअर कशावरून ठरतो, बोली यंत्रावर सोपवायची तर कोणते पर्याय आहेत, हे तो सांगू शकतो. पहिल्या दिवशी त्याला कॅम्पेन आणि अ‍ॅड ग्रुप यांतला फरक समजावत बसावे लागत नाही. नव्या माणसाला शिकवायला एजन्सीत कोणाला वेळ नसतो, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट लहान नव्हे.

मर्यादा आहे ती प्रश्नांच्या स्वरूपात. एका नेमक्या खर्चात जास्तीत जास्त चौकश्या हव्या असलेल्या ग्राहकासाठी बोलीची कोणती पद्धत निवडावी, अशा धर्तीचे प्रश्न असतात आणि चार पर्यायांपैकी गूगलने त्या गरजेसाठी बनवलेली पद्धत हे बरोबर उत्तर असते. प्रश्नातला ग्राहक नेहमी स्वच्छ असतो. त्याचे उद्दिष्ट ठरलेले असते, त्याची मोजणी बिनचूक असते. गूगलची नवी सोय वापरावी की वापरू नये अशी शंका प्रश्नात निघाली, तर उत्तर बहुधा ‘वापरावी’ या बाजूचे असते. परीक्षा घेणाराच जाहिरातीची जागा विकणारा आहे, तेव्हा यात नवल नाही. पण ग्राहकाचा पैसा सांभाळणाऱ्याला काही वेळा नेमके उलटे उत्तर द्यावे लागते. त्याची तयारी या परीक्षेत होत नाही.

याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. अनुभवी एजन्सीत मुलाखतीच्या वेळी उमेदवारापुढे अशाच प्रकारचे खाते उघडून ठेवतात. समजा, पुण्यात कोथरूडला एक दातांचा दवाखाना आहे. सर्चच्या जाहिरातींवर महिन्याला 60,000 रुपये खर्च होतात. सरासरी 25 रुपयांना एक याप्रमाणे 2,400 क्लिक मिळाले. खात्यात 240 कन्व्हर्जन दिसतात, म्हणजे एका कन्व्हर्जनचा खर्च 250 रुपये. कागदावर कॅम्पेन झकास आहे. दवाखान्याच्या रजिस्टरात मात्र त्या महिन्यात जाहिरात पाहून फोन केलेले किंवा फॉर्म भरलेले लोक फक्त 32 आहेत. 60,000 ला 32 ने भागले की एका खऱ्या चौकशीचा खर्च 1,875 रुपये निघतो. 250 कुठे आणि 1,875 कुठे!

कच्चा उमेदवार इथे बोली बदलण्याच्या किंवा नवी जाहिरात लिहिण्याच्या गोष्टी करू लागतो. मुरलेला माणूस आधी कन्व्हर्जनच्या सेटिंगमध्ये जातो. तिथे दिसते ते असे: संकेतस्थळाचे ‘संपर्क’ पान उघडले की कन्व्हर्जन धरायचे, असे कोणीतरी ठरवून ठेवले आहे. शिवाय मोजणीचा पर्याय `Every` वर आहे. एका क्लिकनंतर तेच पान तीनदा उघडले तर तीन कन्व्हर्जन लागतात. दुकानाच्या विक्रीसाठी `Every` योग्य आहे, कारण एका माणसाने तीनदा खरेदी केली तर तिन्ही विक्री खऱ्या असतात. चौकशीसाठी `One` हवे, कारण एकाच माणसाने तीनदा विचारले तरी पेशंट एकच असतो. पानाचा पत्ता पाहून निघून गेलेले लोकही या 240 मध्ये आलेच.

चूक फक्त हिशेबापुरती राहत नाही. बोली यंत्रावर सोपवलेली असली, तर यंत्र त्याला सांगितलेल्या कन्व्हर्जनचाच पाठलाग करते. संपर्काचे पान उघडून पाहणारे लोक स्वस्तात मिळतात असे त्याला दिसले की ते तसेच लोक आणखी शोधते. बोलीची पद्धत कितीही योग्य निवडली तरी चुकीच्या लक्ष्याकडे ती अधिक वेगाने धावते, एवढेच.

त्यानंतर `Search terms` हा अहवाल उघडायचा. दवाखान्याने ‘दातांचा डॉक्टर’ असा कीवर्ड ब्रॉड मॅचवर लावला आहे. प्रत्यक्षात लोकांनी टाइप केलेल्या मजकुरात बीडीएसच्या कॉलेजची फी, डेंटल असिस्टंटची नोकरी, सरकारी दंत रुग्णालयाचा पत्ता असे शोध आहेत. या उदाहरणात 60,000 पैकी 14,000 रुपये अशा शोधांवर गेले असे धरू. हे शब्द नेगेटिव्ह यादीत टाकायचे, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसत नाही. तिसरी जागा म्हणजे ठिकाणाचे सेटिंग. नव्या कॅम्पेनमध्ये गूगल जो पर्याय आधीच निवडून ठेवते, त्यात त्या गावात असलेल्यांबरोबर त्या गावाविषयी रस दाखवणारे लोकही येतात. पुण्यातल्या दातांच्या दवाखान्याची माहिती नागपुरात बसून शोधणारा माणूस यात सापडतो. परदेशी पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या गोव्यातल्या हॉटेलाला हा पर्याय सोन्यासारखा आहे, कोथरूडच्या दवाखान्याला नाही.

खरी परीक्षा यापुढे असते. मोजणी दुरुस्त केली, फॉर्म भरल्यावर किंवा ठरावीक वेळेपेक्षा लांब फोन झाल्यावरच कन्व्हर्जन धरायचे ठरवले, की पुढच्या महिन्यात खात्यातला आकडा 240 वरून 40 च्या आसपास उतरणार. डॉक्टर विचारणार, ‘आधी 240 येत होते, तुम्ही हात लावल्यावर 40 कसे झाले?’ त्यातच यंत्राला नव्या लक्ष्याशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात आणि त्या काळात आकडे वरखाली होतात. हे सगळे बदल करण्याआधीच ग्राहकाला फोन करून समजावून सांगणारा माणूस एजन्सीला हवा असतो. बदल करून गप्प बसणाऱ्याच्या ग्राहकाला पुढच्या महिन्यात दुसरी एजन्सी सापडलेली असते.

वरच्या उदाहरणातली कोणतीही सोय अभ्यासक्रमाबाहेरची नाही. मोजणीचे दोन पर्याय, नेगेटिव्ह, ठिकाणाचे सेटिंग हे सगळे स्किलशॉपवर शिकवलेले आहे. पण परीक्षेत प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्रश्नात, तिच्या नावानिशी येते. खात्यात ती न सांगता, दुसऱ्या चुकीच्या आड बसलेली असते. बिघाड आहे हे आधी ओळखावे लागते, आणि दवाखान्याच्या रजिस्टराशी आकडे ताडून पाहायची सवय नसेल तर तो ओळखताही येत नाही.

मग एजन्सी नोकरी देताना प्रमाणपत्र मागतात का? नोकरीच्या जाहिरातींत ‘गूगल अ‍ॅड्स प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य’ ही ओळ अनेकदा असते आणि ती शब्दशः घ्यावी अशीच आहे. प्राधान्य म्हणजे अट नव्हे. फ्रेशरच्या जागेसाठी ढीगभर अर्ज आले की एचआरला चाळणी हवी असते, तेव्हा ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याचा अर्ज मागे पडतो. इथे प्रमाणपत्र एवढेच सांगते की उमेदवाराने फुकट मिळणारी गोष्ट मिळवण्याइतके कष्ट तरी घेतले. दोन-तीन वर्षे काम केलेल्या माणसाला सहसा हा प्रश्न विचारलाच जात नाही. त्याला विचारतात, महिन्याला किती खर्चाची खाती सांभाळली, कोणत्या धंद्यांची, चौकशी कितीला पडत होती आणि ती कमी करताना काय फसले. बोलण्याचा खरेपणा पडताळायचा असेल तर त्याने सांभाळलेल्या एखाद्या खात्यातल्या बदलांची नोंद उघडून, एक बदल निवडून ‘हा का केला?’ असे विचारले की पुरते. गूगल अ‍ॅड्समध्ये कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते. अर्थात खाते ग्राहकाचे असल्यामुळे उमेदवाराला ते नेहमी दाखवता येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी एजन्सी स्वतःचेच एखादे खाते नावे झाकून पुढे ठेवते.

गंमत अशी की निवडीच्या वेळी ज्याची फारशी चौकशी झाली नाही, तेच प्रमाणपत्र रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सक्तीने काढायला लावतात. याचे कारण ‘गूगल पार्टनर’ या बॅजमध्ये आहे. 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार हा बॅज हवा असलेल्या एजन्सीला तीन गोष्टी पाळाव्या लागतात. तिच्या मॅनेजर खात्याखालच्या, म्हणजे धंद्यातल्या भाषेत एमसीसीखालच्या, सगळ्या खात्यांत मिळून 90 दिवसांत 10,000 डॉलर खर्च व्हायला हवा. मॅनेजर खात्याचा ऑप्टिमायझेशन स्कोअर किमान 70 टक्के हवा. आणि एजन्सीने ज्यांची नावे अकाउंट स्ट्रॅटेजिस्ट म्हणून दिली आहेत त्यांपैकी निम्म्या लोकांकडे चालू प्रमाणपत्र हवे. ज्या प्रकारच्या जाहिरातींवर 90 दिवसांत 500 डॉलर किंवा अधिक खर्च होतो, त्या प्रत्येक प्रकारात किमान एक प्रमाणपत्रधारकही लागतो.

सहा स्ट्रॅटेजिस्ट असलेली छोटी एजन्सी धरू. निम्मे म्हणजे तिघांकडे प्रमाणपत्र आहे. दोघांकडे सर्चचे, तिसरीकडे सर्च आणि शॉपिंग दोन्ही. तिसरी दुसरीकडे नोकरीला गेली. आता पाचांपैकी दोघे उरले, म्हणजे 40 टक्के. शिवाय एजन्सीकडे साड्या विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाचे काम असेल, तर शॉपिंगचे प्रमाणपत्र कोणाकडेच नाही. बॅज दोन्ही बाजूंनी अडचणीत आला. अशा वेळी नव्या भरतीत दोन सारख्याच उमेदवारांपैकी प्रमाणपत्रवाल्याची बाजू वरचढ ठरते आणि निवड कोणाचीही झाली तरी सोमवारपर्यंत शॉपिंगची परीक्षा पास करण्याचा निरोप सगळ्यांना जातो. परीक्षा फुकट आणि रोज देता येण्याजोगी असल्यामुळे हे जमतेही. याच कारणामुळे प्रमाणपत्र नसणे हा नोकरी नाकारण्याइतका मोठा दोष ठरत नाही: तो दोन दिवसांत दुरुस्त होतो.

हा बॅज एजन्सीला लागतो तो विक्रीसाठी. नवा ग्राहक संकेतस्थळावर तो पाहतो, काही निविदांत आणि कंपन्यांच्या पात्रतेच्या अटींत त्याची मागणी असते. म्हणजे प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावावर निघते, पण त्याची किंमत वसूल होते एजन्सीच्या दारावर. पगाराच्या बोलणीत ते पुढे करून फारसे काही हाती लागत नाही.

बॅजच्या दुसऱ्या अटीतही एक गोम आहे. ऑप्टिमायझेशन स्कोअर म्हणजे गूगल खात्यात ज्या सूचना देते, त्यांच्या हिशेबाने लावलेला 0 ते 100 टक्क्यांचा आकडा. सूचना मान्य केली की आकडा वाढतो. ती विचारपूर्वक फेटाळली तरी वाढतो. ‘बजेट वाढवा’ ही सूचना कोथरूडच्या दवाखान्याला मोजणी दुरुस्त होण्याआधी मान्य करणे म्हणजे चुकीच्या लक्ष्यावर आणखी पैसे ओतणे होय. ती फेटाळली तर स्कोअरचे नुकसान नाही आणि पैसेही वाचतात. पण फेटाळता येते हे ठाऊक नसलेला नवखा माणूस स्कोअरच्या काळजीने एकामागून एक सूचना मान्य करत सुटतो. स्कोअर खात्याची गूगलच्या सूचनांशी जुळणी मोजतो. दवाखान्यात आलेले पेशंट त्यात मोजले जात नाहीत.

मेटाची, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची पद्धत वेगळी आहे. ‘मेटा ब्लूप्रिंट’वरचे धडे फुकट आहेत. प्रमाणपत्राची परीक्षा मात्र पैसे भरून आणि देखरेखीखाली द्यावी लागते. तिच्यात फसवणुकीला वाव कमी, म्हणून तिचे वजन थोडे अधिक. पण फीमुळे भारतात स्वतःहून ती देणारे तुलनेने थोडेच दिसतात. बायोडेटावर ‘मेटा सर्टिफाइड’ असे लिहिलेले असते तेव्हा बऱ्याचदा त्यामागे फुकटचा एखादा धडा पूर्ण केल्याची नोंद निघते. हेच गूगलच्या बाबतीतही होते. कोर्सेरावरचा गूगलचा डिजिटल मार्केटिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र वेगळे आणि गूगल अ‍ॅड्सचे वेगळे. पहिल्यामुळे एजन्सीच्या बॅजच्या गणतीत एकाचीही भर पडत नाही. खासगी क्लासने दिलेला, कोपऱ्यात गूगलचे चिन्ह छापलेला कागद तर या दोहोंतही बसत नाही. ‘पंधरा आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे’ देऊ करणाऱ्या क्लासच्या यादीतली बरीचशी नावे फुकटच्या परीक्षांची असतात आणि फी भरणाऱ्याने ती आधी तपासलेली बरी.

तपासणे अवघड नाही. खऱ्या प्रमाणपत्रावर परीक्षेचे नाव, धारकाचे नाव, मिळाल्याची आणि संपण्याची तारीख असते आणि ते ऑनलाइन पडताळण्यासाठी दुवा मिळतो. बायोडेटावर नुसते चित्र चिकटवलेले असेल तर दुवा मागावा. सर्वाधिक आढळणारी चूक लबाडीची नसून तारखेची असते: दोन वर्षांपूर्वी मिळालेले, वर्षभरापूर्वीच संपलेले प्रमाणपत्र अजून यादीत असते. दुसरी अडचण ईमेलची. कंपनीच्या ईमेलवरून परीक्षा दिली आणि नोकरी सोडली, की त्या लॉगिनबरोबर प्रमाणपत्राची वाटही बंद होऊ शकते. उलट खासगी जीमेलवरून दिलेली परीक्षा एमसीसीवरच्या कामाच्या ईमेलशी जोडली नाही तर ती एजन्सीच्या गणतीत धरली जात नाही आणि पास झालेल्या माणसाला एचआरकडून पुन्हा ‘परीक्षा कधी देणार?’ असा मेल येतो.

अनुभव नसलेल्याला दवाखान्यासारख्या खात्याची ओळख करून घ्यायची असेल, तर ओळखीतल्या एखाद्या छोट्या व्यावसायिकाच्या परवानगीने दिवसाला 200-300 रुपयांचे कॅम्पेन महिनाभर चालवणे, म्हणजे सहा ते नऊ हजार रुपयांचा खर्च, हा मार्ग आहे. रोज `Search terms` वाचायचे, आलेल्या फोनची वहीत नोंद ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी खात्यातला आकडा व वहीतला आकडा शेजारी शेजारी लिहायचा. दोन्ही जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, याचे एक पानाचे टिपण मुलाखतीत पुढे ठेवता येते. त्या पानावर मुलाखत घेणारा जेवढा वेळ थांबतो, तेवढा प्रमाणपत्रांच्या यादीवर थांबत नाही.